रविवारची भेट कोणाच्या घड्याळाला बांधावी?

वाचकाचे पत्र

आम्ही पती-पत्नी अमळनेरला असतो. मुलगा अमेरिकेत डॅलसला आणि मुलगी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला आहे. दर रविवारी सकाळी सातला तिन्ही घरे व्हिडिओवर भेटतात आणि सासूबाई पणतवंडांशी अहिराणीत बोलतात. गेल्या जुलैत मुलाने त्यासाठी कॅलेंडरचे आमंत्रण पाठवले. नोव्हेंबरात माझ्या फोनवर सातऐवजी आठ दिसू लागले. मुलीकडे साडेअकराचे आधी साडेबारा झाले, मग दीड. आणि दीडला तर ती मुलाला पोहण्याच्या वर्गाला घेऊन निघते. यजमानांकडे मुलाचा जुना फोन आहे, त्यावर कायम शनिवार रात्रीचे साडेआठ दिसतात. मुलगा म्हणतो, आमंत्रण बरोबर आहे. यजमान म्हणतात, ते बंद करा, आपण दर वेळी विचारून घेऊ. आम्ही काय करावे?

— एक वाचक, अमळनेर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमंत्रण बंद करू नका. त्यात बिघाड झालेला नाही. ते ज्या घड्याळाला बांधले गेले आहे, ते घड्याळ आपल्या तीन घरांसाठी सोयीचे नाही, एवढीच अडचण आहे आणि ती एकदा दूर केली की दर आठवड्याला विचारण्याची गरज उरणार नाही.

फोनच्या कॅलेंडरमध्ये एखादा कार्यक्रम नोंदवला की त्यात वेळेबरोबर ती वेळ कोणत्या ठिकाणच्या घड्याळाची आहे हेही साठवले जाते. त्याला टाइम झोन म्हणतात. आपण वेगळे काही सांगितले नाही, तर फोन जिथे आहे तिथलाच टाइम झोन आपोआप घेतला जातो. आपल्या मुलाने डॅलसमध्ये बसून आमंत्रण तयार केले, त्यामुळे त्यात ‘दर शनिवारी रात्री ८:३०, डॅलसच्या घड्याळाप्रमाणे’ अशी नोंद झाली. जुलैत डॅलसचे शनिवार रात्रीचे साडेआठ म्हणजे अमळनेरचे रविवार सकाळचे सात, म्हणून सगळे जुळले. पण आमंत्रणाने शब्द दिला होता तो डॅलसच्या साडेआठचा. अमळनेरच्या सातचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असे केले गेले होते, परंतु आज आपले घड्याळ वर्षभर एकाच जागी असते. त्यामुळे डॅलस आणि अमळनेर यांच्यात उन्हाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते आणि हिवाळ्यात साडेअकरा तासांचे. नोव्हेंबरात डॅलसचे साडेआठ जागेवर राहिले आणि आपले सात मात्र आठ झाले. आपल्या मुलाचे म्हणणे या अर्थाने खरे आहे, कारण त्याच्या फोनवर कधीच काही बदलले नाही.

मुलीकडची गोष्ट अधिक लक्ष देण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलिया दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तिथला उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो. मेलबर्नची घड्याळे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात. म्हणजे डॅलसचे घड्याळ ज्या ऋतूत मागे येते, त्याच ऋतूत मेलबर्नचे पुढे गेलेले असते. त्या दोन शहरांतले अंतर जुलैत पंधरा तास असते, ऑक्टोबरात सोळा होते आणि नोव्हेंबरात सतरा. डॅलसला बांधलेली भेट म्हणूनच मेलबर्नमध्ये साडेअकरावरून थेट दीडपर्यंत, पूर्ण दोन तास सरकली. बहीण-भावांपैकी कोणाचाही हलगर्जीपणा यात नाही.

यातूनच उपाय निघतो. तिन्ही घरांपैकी ज्या घराचे घड्याळ कधीच हलत नाही, त्या घराला भेट बांधावी. अमळनेरच्या रविवार सकाळी सातला ती बांधली, तर डॅलसला उन्हाळ्यात शनिवारी रात्री साडेआठ वाजतील आणि हिवाळ्यात साडेसात. मेलबर्नला एप्रिल ते ऑक्टोबर या काळात रविवारी सकाळचे साडेअकरा वाजतील आणि उरलेल्या महिन्यांत दुपारचे साडेबारा. कोणाचीही वेळ एका तासापलीकडे सरकणार नाही, मुलीच्या हातात पोहण्याच्या वर्गाआधी तासभर राहील, आणि आपल्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिलेले ‘रविवार सकाळी ७’ वर्षभर खरे ठरेल. सासूबाईंसाठी हे शेवटचे फार मोलाचे आहे, असे मला वाटते. वयस्कर माणसाला ठरलेल्या वेळेचा आधार असतो आणि फोनवरचे बदलते आकडे त्यांना समजावून सांगत बसावे लागू नये.

आता प्रत्यक्ष बदल कसा करावा ते सांगते. जुन्या आमंत्रणातच टाइम झोन बदलून काम भागेल असे वाटते, पण मी तसे सुचवणार नाही. टाइम झोनबरोबर वेळही बदलावी लागते, आणि शनिवारची पुनरावृत्ती रविवारी न्यावी लागते. या तीनपैकी एक गोष्ट राहून गेली तर नवा घोटाळा उभा राहतो. त्यापेक्षा मुलाला जुनी मालिका येत्या भेटीपासून काढून टाकायला सांगावे. काढताना कॅलेंडर विचारते की केवळ ही एक भेट काढायची की पुढच्या सगळ्या. तिथे `This and following events` हा पर्याय निवडावा. ही मालिका त्याच्या नावावर असल्यामुळे सगळ्यांसाठी ती रद्द करणे त्याच्याच हाती आहे. आपण आपल्या फोनवरून काढली, तर ती फक्त आपल्यापुरती जाईल.

नवी मालिका मात्र आपण स्वतः, अमळनेरहून तयार करावी. गूगल कॅलेंडर उघडून अधिकच्या चिन्हावर बोट ठेवा आणि कार्यक्रमाचा पर्याय घ्या. नाव लिहा, येणारा रविवार निवडा, वेळ सकाळी ७ ते ८ द्या. दिवसभराचा कार्यक्रम असे सांगणारे `All day` हे बटण बंद असल्याची खात्री करा, कारण दिवसभराच्या नोंदीला टाइम झोनच नसतो आणि ती प्रत्येक देशात त्या त्या तारखेला नुसती वर दिसत राहते. वेळेच्या आसपास टाइम झोनची ओळ असते. तिथे भारताची वेळ आहे ना, ते वाचून घ्या. ती शोधावी लागली तर मुंबई किंवा जळगाव शोधू नका, कारण या यादीत भारताची वेळ कोलकात्याच्या नावाने असते, जशी डॅलसची वेळ शिकागोच्या नावाने असते. जिथे `Does not repeat` लिहिलेले दिसेल तिथे दर आठवड्याचा पर्याय घ्या. मग `Add people` मध्ये मुलाचा, मुलीचा आणि यजमानांचा ई-मेल पत्ता लिहा, जतन करा, आणि आमंत्रण पाठवायचे का असे विचारले की होकार द्या. ज्यांना पाठवले त्यांनी ते स्वीकारले पाहिजे, कारण काही जणांच्या कॅलेंडरची मांडणी अशी असते की होकार दिल्याशिवाय नोंद दिसतच नाही. भेटीचा व्हिडिओ दुवा आमंत्रणातूनच मिळत असेल, तर नव्या मालिकेचा दुवा नवा असेल आणि जुना विसरावा लागेल, हेही सर्वांना कळवा.

मुलगी आयफोन वापरत असेल किंवा जावयांचे कॅलेंडर दुसऱ्या कंपनीचे असेल, तरी चिंता नको. ही आमंत्रणे सर्व कंपन्यांनी मान्य केलेल्या एकाच पद्धतीने लिहिलेली असतात. आपल्या नव्या आमंत्रणाच्या पोटात, उदाहरणार्थ ते ५ जुलै २०२६ च्या रविवारपासून सुरू झाले तर, साधारण अशा दोन ओळी असतील:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260705T070000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=SU
```

पहिल्या ओळीत ठिकाण, तारीख आणि सकाळचे सात आहेत, दुसरीत दर आठवड्याचा रविवार. डॅलसच्या साडेआठचा किंवा मेलबर्नच्या साडेअकराचा यात कुठेही मागमूस नाही. ते आकडे त्या त्या फोनने त्या त्या दिवशीचा नियम पाहून स्वतः काढायचे असतात. एखाद्या देशाने घड्याळ बदलण्याची प्रथाच सोडली, जशी मेक्सिकोने २०२२ मध्ये देशाच्या बहुतांश भागात सोडली, तरी फोनची अद्ययावत प्रणाली नवा नियम शिकते आणि आमंत्रणाला हात लावावा लागत नाही. वहीत मांडलेला हिशेब मात्र पुन्हा करावा लागतो.

मालिका नीट बांधली गेली का, हे कळण्यासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबू नका. जतन केल्यानंतर लगेच आपल्या फोनवरचे कॅलेंडर डिसेंबरपर्यंत पुढे सरकवा आणि तिथल्या एखाद्या रविवारी किती वाजलेले दिसतात ते पाहा. सातच दिसले, तर काम झाले. आठ दिसले, तर मालिका अजूनही अमेरिकेच्या घड्याळावर आहे. मुलाकडे याच्या उलट दिसले पाहिजे, म्हणजे सप्टेंबरात शनिवार रात्री साडेआठ आणि डिसेंबरात शनिवार संध्याकाळी साडेसात. त्याच्याकडे दोन्ही महिन्यांत एकच वेळ दिसत असेल, तर काहीतरी चुकले आहे असे समजावे. मालिका अमेरिकेहून सुरू केलेल्या इतर कुटुंबांनीही ही एकच परीक्षा करून पाहावी. तिला दोन मिनिटेही लागत नाहीत.

बदलाच्या आठवड्यांत एक बारकावा असतो, तो आधीच माहीत असलेला बरा. या वर्षी मेलबर्नची घड्याळे ४ ऑक्टोबर २०२६ च्या पहाटे दोनला पुढे जातील. आपली भेट तिथे दुपारच्या सुमारास असल्यामुळे त्याच दिवशी मुलीकडे साडेबारा वाजलेले असतील. डॅलसची घड्याळे १ नोव्हेंबरच्या पहाटे मागे येतील, पण अमळनेरच्या १ नोव्हेंबरच्या सकाळी सातला तिथे अजून ३१ ऑक्टोबरची रात्र असते, म्हणून त्या दिवशी मुलाकडे जुनेच साडेआठ राहतील आणि साडेसात पुढच्या, म्हणजे ८ नोव्हेंबरच्या भेटीपासून लागू होतील. पुढच्या वर्षी १४ मार्च २०२७ च्या रविवारीही असेच होईल. आपण भेटाल तेव्हा तिथे १३ तारखेची संध्याकाळ असेल आणि घड्याळ हललेले नसेल. अशा दिवशी कोणी बातमी वाचून ‘आज वेळ बदलली’ असा निरोप गटावर टाकतो आणि आमंत्रण बरोबर असूनही घरात गोंधळ होतो. त्या आठवड्यात बातमीपेक्षा आमंत्रणावर विश्वास ठेवावा.

आता यजमानांच्या फोनविषयी. त्यावर उन्हाळा-हिवाळा न पाहता नेहमी शनिवार रात्रीचे साडेआठ दिसतात, यावरूनच कारण ओळखता येते: तो फोन, किंवा त्यातले कॅलेंडर, स्वतःला अजून डॅलसमध्येच समजत आहे. वापरलेला फोन भारतात आणल्यावर काही जण वेळेचे आकडे हाताने बदलून भारतासारखे करतात, पण टाइम झोन तसाच राहू देतात. वरचे घड्याळ बरोबर दिसते, म्हणून कोणाला शंका येत नाही, आणि कॅलेंडर मात्र प्रत्येक भेट डॅलसच्या हिशेबाने दाखवते. फोनच्या सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ या भागात जाऊन वेळ आपोआप आणि टाइम झोन आपोआप अशी दोन्ही बटणे सुरू करा. त्यात सिमकार्ड नसेल आणि फोन स्वतःहून जागा ओळखत नसेल, तर टाइम झोन हाताने भारताचा निवडा. एवढे करूनही शनिवारच दिसला, तर गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमधल्या `General` या भागात `Use device time zone` हे बटण बंद असेल आणि त्याखाली अमेरिकेतले ठिकाण निवडलेले असेल. ते बटण सुरू करा. हे बदल नवे आमंत्रण पाठवण्याआधी करावेत, म्हणजे चूक आमंत्रणात आहे की फोनमध्ये याचा घोळ राहणार नाही. त्या फोनवरून त्यांनी स्वतः काही नोंदी केल्या असतील, तर त्याही अमेरिकेच्या वेळेने साठल्या असण्याची शक्यता आहे. टाइम झोन सुधारल्यावर त्या भलत्याच वेळी दिसू लागतील, म्हणून डॉक्टरांच्या भेटीसारखी एखादी महत्त्वाची नोंद आधी कागदावर उतरवून ठेवा.

एक सवय मात्र सगळ्यांनीच सोडावी, ती म्हणजे आपल्या फोनवरच्या आमंत्रणाचे छायाचित्र कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याची. त्या चित्रात पाठवणाऱ्याच्या गावची वेळ गोठलेली असते आणि पाहणारा ती आपल्या गावची समजतो. डॅलसहून आलेल्या चित्रावर ‘शनिवार’ लिहिलेले पाहून अमळनेरचा माणूस शनिवारी रात्रीच तयार होऊन बसतो. कोणाला नव्याने जोडायचे असेल, तर त्याचा ई-मेल पत्ता आमंत्रणात घालावा. बोलतानाही ‘रविवारी’ असे न म्हणता ‘अमळनेरच्या रविवारी’ असे म्हणावे.

प्रत्येक भेट भारताच्याच घड्याळाला बांधावी, असा माझा आग्रह नाही. ज्या माणसाची वेळ खरोखर हलू शकत नाही, त्याच्या घड्याळाचा मान राखावा. मुलाला शनिवारी कामाची पाळी असती आणि तो रात्री आठशिवाय घरी पोहोचत नसता, तर हिवाळ्यातले साडेसात त्याला जमले नसते. अशा वेळी डॅलसचे घड्याळ धरून बाकीच्या दोन घरांनी सरकणे योग्य ठरले असते. नातवाच्या वाढदिवसाचा केक डॅलसला संध्याकाळी सहाला कापायचा असेल, तर ती एकट्या दिवसाची नोंद मुलानेच तिथल्या टाइम झोनमध्ये करावी. दर आठवड्याची भेट आणि प्रसंगाची भेट यांच्या दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात.

शेवटी, आपल्याकडे लवकरच लागणारी एक गोष्ट. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि त्या सकाळी रोटांच्या गडबडीत सातला कोणालाही फोनसमोर बसवणे कठीण असते. त्या दिवसापुरती भेट संध्याकाळी साडेपाचला नेता येईल. तेव्हा डॅलसला रविवार सकाळचे सात असतील आणि मेलबर्नला रविवार रात्रीचे दहा. मुलीच्या घरी लहान मुले झोपलेली असतील, म्हणून आधी तिला विचारून घ्या. वेळ बदलताना त्या एका रविवारची नोंद उघडा आणि जतन करताना `This event` निवडा. चुकून `All events` निवडले, तर वर्षभराच्या सगळ्या भेटी संध्याकाळी साडेपाचला जातील. जतन केल्यावर पुढचा रविवार उघडून तिथे सकाळचे सातच आहेत ना, ते पाहून घ्या.